अर्धवट पुस्तकाची वाटणी : निपाणी भागातल्या एका शब्दांकन कराराचं प्रकरण

पुस्तक एका शेतकऱ्याचं. वय ऐंशीच्या पुढे, गाव निपाणीजवळचं, आधी तंबाखू आणि आता ऊस. सगळा गाव त्यांना अण्णा म्हणतो, म्हणून इथेही अण्णाच. लिहिणाऱ्या बाई बेळगावच्या, मराठीच्या निवृत्त शिक्षिका. आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे सगळे त्यांना टीचर म्हणतात. मी दोघांनाही ओळखत होतो आणि पुस्तकांच्या संपादनाचं काम करतो, म्हणून भांडण माझ्या ओट्यावर आलं. दोघांच्या संमतीने हे लिहितो आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

ठरलं होतं ते असं. अण्णांनी आयुष्य सांगायचं, टीचरनी ते ध्वनिमुद्रित करून बारा प्रकरणांत लिहायचं. एकूण मानधन १,२०,००० रुपये. करारावर सही होताच २०,०००, ध्वनिमुद्रण संपून पहिली सहा प्रकरणं अण्णांना पसंत पडली की ४०,०००, सातव्यापासून बाराव्यापर्यंतचा कच्चा खर्डा पूर्ण झाला की ४०,००० आणि छापायची प्रत हातात आली की उरलेले २०,०००. श्रेयाबद्दल एकच ओळ होती : लेखक म्हणून अण्णांचं नाव राहील आणि शब्दांकनाचा योग्य उल्लेख केला जाईल. करार मोडला तर काय, याबद्दल दोन पानांत एक अक्षर नव्हतं.

बिनसलं आठव्या प्रकरणावर. ते १९८१ च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनाचं. अण्णा त्या वेळी महामार्गावर बसलेल्या शेतकऱ्यांत होते. टीचरनी त्यांच्या आठवणी घेतल्याच, पण त्याशिवाय आंदोलनातल्या आणखी तिघांना भेटून बोलतं केलं आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळल्या. त्यातून अण्णांच्या सांगण्याशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी पुढे आल्या, आणि एका व्यापारी नातलगाचं वागणंही. टीचरनी ते सगळं घातलं. अण्णा म्हणाले, "आसं झालं आसंल बी, पर ह्ये माज्या पुस्तकात नको." पुण्यात असलेल्या थोरल्या मुलाने पुढचं पाऊल टाकलं. त्याने टीचरना व्हॉट्सॲपवर कळवलं की काम थांबवा, सगळ्या फायली आणि रेकॉर्डिंग पाठवा, आम्ही दुसऱ्याकडून पूर्ण करून घेतो, आणि दिलेल्यातले निम्मे पैसे परत करा. टीचरनी उलट कळवलं की पूर्ण १,२०,००० द्या आणि मुखपृष्ठावर नाव टाका, नाहीतर माझी एक ओळ वापरायची नाही.

त्या दिवशीचा हिशेब असा होता. नऊ प्रकरणं लिहून झालेली. पहिली सहा पसंत, त्यांचे पैसे मिळालेले, म्हणजे एकूण ६०,००० चुकते. सातवं, आठवं आणि नववं पाठवलेलं, पण पसंतीचा शब्द नाही. दहाव्याची नुसती टिपणं. बावीस तासांचं ध्वनिमुद्रण टीचरच्या फोनमध्ये आणि त्यांच्या ड्राइव्हवर.

दोघांच्या संदेशांत पहिली खोट एकच होती. मुलगा करारात कुठेच नव्हता. करार अण्णा आणि टीचर यांच्यातला, त्यामुळे मुलाच्या संदेशाने तो संपत नाही. मी टीचरना एवढंच सुचवलं की अण्णांच्या सहीचं पत्र येईपर्यंत करार चालू आहे असं धरा, मात्र पुढे एक ओळही लिहू नका. चालू करारात काम पुढे रेटून नंतर त्याचे पैसे मागणं हे अशा भांडणात सर्रास होतं, आणि समोरचा "थांबवा म्हटलं होतं" एवढं दाखवून मोकळा होतो.

मूळ कराराचा कागद काढला तर त्यात खास आमच्या सीमाभागातली गोम निघाली. बाँड महाराष्ट्रातल्या कागलहून आणला होता, कारण निपाणीहून ते पंधरा-वीस मिनिटांवर आणि तिथला लेखनिक ओळखीचा. सह्या मात्र निपाणीजवळच्या घरात झाल्या. कर्नाटकात केलेल्या दस्ताला कर्नाटकाचं मुद्रांक शुल्क लागतं. महाराष्ट्राच्या बाँडवर तो केला तर इथल्या न्यायालयात, कर्नाटक मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे, शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो पुराव्यात घेत नाहीत, आणि दंड तुटीच्या दहापट असू शकतो. यामुळे करार खोटा ठरत नाही आणि दोष भरून काढता येतो. पण मुलाला वाटत होतं की कागदच बाद आहे, आणि टीचरना वाटत होतं की कागद हातात असला की झालं. दोघांचाही अंदाज एका वाक्यात खाली आला, बोलणी सुरू व्हायला त्याची मदतच झाली.

मजकूर कुणाचा

अण्णांच्या घरी सगळ्यांचं म्हणणं एकच होतं : आयुष्य आमचं, पैसे आमचे, मग लिखाण आमचंच की. कायदा असं म्हणत नाही. कॉपीराइट अधिनियम १९५७ च्या कलम १७ प्रमाणे लिखाणाचा पहिला मालक लिहिणारा असतो. नोकरीत पगारी लिहिणाऱ्याची गोष्ट वेगळी, पण टीचर अण्णांच्या नोकर नव्हत्या, ठरलेल्या कामाच्या मोबदल्यावर लिहीत होत्या. याच कलमात एक गंमत आहे. पैसे देऊन फोटो काढून घेतला किंवा चित्र काढून घेतलं, तर उलट काही ठरलं नसेल तेव्हा त्याची मालकी पैसे देणाऱ्याकडे जाते. लिखाणाला ती सवलत नाही. लिखाणाचा हक्क दुसऱ्याकडे द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचं हस्तांतरण लागतं. "मानधन १,२०,०००" या शब्दांत तसं हस्तांतरण नव्हतं.

म्हणून मजकूर सरळ टीचरचा, असंही नाही. अण्णांनी नुसत्या आठवणी सांगितल्या नव्हत्या. पहिल्या सहा प्रकरणांची प्रत्येक प्रत त्यांनी वाचून घेतली होती, बाजूला खुणा केल्या होत्या, परिच्छेद खालीवर करायला लावले होते, काही वाक्यं स्वतःच्या तोंडची घातली होती. अशा ठिकाणी मौलाना आझादांच्या 'इंडिया विन्स फ्रीडम' या पुस्तकाचं प्रकरण आठवतं. आझाद उर्दूत सांगत, हुमायून कबीर इंग्रजीत लिहीत, आणि लिहिलेलं आझाद पाहून दुरुस्त करत. पुढे वारसांनी वाद नेला तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने दोघांच्या निकटच्या बौद्धिक सहकार्याकडे बोट दाखवून ते संयुक्त लेखन मानलं. संयुक्त लेखन म्हणजे कुणाचा भाग कुठला हे वेगळं काढता येत नाही असं लेखन. अण्णांच्या हस्ताक्षरातल्या खुणा असलेली सहा प्रकरणं त्याच्या जवळ जात होती. सातव्यापासून मात्र अण्णांची खूण कुठेच नव्हती.

घटनांवर आणि माहितीवर मात्र कुणाचाच कॉपीराइट नसतो. आंदोलन झालं, अमुक दिवशी अण्णा तिथे होते, हे कुणीही लिहू शकतो. हक्क असतो तो शब्दांवर, रचनेवर, मांडणीवर.

तेव्हा गाठ अशी पडली होती. संयुक्त मालकीचं लिखाण एकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय छापायला देणं म्हणजे दाव्याला आमंत्रण. टीचरना अण्णांशिवाय ते छापता येत नव्हतं, आणि त्यात अण्णांचं खाजगी आयुष्य असल्याने छापायचंही नव्हतं. अण्णांना टीचरशिवाय छापता येत नव्हतं. मुलाला हे पटलं ते मात्र माझ्या सांगण्याने नाही. कोल्हापूरच्या प्रकाशकाने त्याला आपला करार पाठवला, त्यात लेखकाने हमी द्यायची होती की या मजकुरावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. प्रकाशकाला टीचरबद्दल ठाऊक होतं. त्याने सांगितलं, बाईंचं लेखी ना-हरकत आणा, मग पुढचं बोलू. जानेवारीत आपल्याकडे गावोगावी मराठी साहित्य संमेलनं भरतात, त्यातल्या एकात प्रकाशन करायचं अण्णांच्या मनात होतं. तारीख जवळ आली, आणि मुलगा बेळगावला आला.

पैशाचा हिशेब

मी आधी पैसे घेतले. श्रेयावर माणसं मानापमानाने बोलतात, पैशावर आकड्याने, म्हणून सुरुवात तिथून बरी पडते.

दिलेल्या ६०,००० चा प्रश्न लवकर सुटला. पहिला हप्ता सहीचा आणि दुसरा पसंत झालेल्या सहा प्रकरणांचा, दोन्हींच्या अटी पूर्ण झालेल्या. परतीचा प्रश्न नाही. टीचरचा पूर्ण रकमेचा हट्टही टिकला नाही, कारण दहावं ते बारावं लिहिलंच नव्हतं आणि छापायची प्रत तयार करायचं कामही झालं नव्हतं.

खरी ओढाताण तिसऱ्या हप्त्यावर होती. ४०,००० सहा प्रकरणांसाठी, म्हणजे प्रकरणामागे साधारण ६,६६७. मुलगा म्हणाला, हप्ता संपूर्ण खर्ड्यावर होता, खर्डा पूर्ण नाही, म्हणून शून्य. शब्दशः तो बरोबर होता. पण खर्डा अपुरा राहिला तो त्यांनीच काम थांबवल्यामुळे, आणि सातवं व नववं प्रकरण त्यांना पुस्तकात हवं होतं. भारतीय संविदा अधिनियमाच्या कलम ७० चा आशय असा की फुकट करायच्या इराद्याने न केलेल्या कामाचा फायदा घेतला, तर त्याची भरपाई द्यावी लागते. मी मुलाला विचारलं, "नववं वापरणार आहात ना?" तो म्हणाला, "हो, तेच तर सगळ्यात चांगलं झालंय." मग दर ठरवणं एवढंच उरलं. दोन्हींचे सात-सात हजार.

आठवं त्यांना नको होतं. जे वापरायचं नाही त्याचे पैसे का द्यायचे, हा मुलाचा प्रश्न रास्त होता. उत्तर असं की ते प्रकरण वाईट लिहिलं म्हणून नाकारलेलं नव्हतं. आंदोलनावर प्रकरण हवं हे करारातल्या प्रकरणांच्या यादीतच होतं, आणि काम मागितल्याप्रमाणे झालं होतं. मजकूर निकृष्ट असता तर मी दुरुस्तीची एक संधी मागितली असती आणि पैशाबद्दल गप्प बसलो असतो. इथे केलेल्या मेहनतीचे ६,००० ठरले, मात्र त्याबदल्यात अण्णांना त्या मजकुराचा कुठलाही हक्क मिळणार नव्हता. एकूण २०,०००, आधीचे धरून ८०,०००.

न वापरलेला खर्डा

समाप्ती करारात सर्वांत जास्त वेळ आठव्या प्रकरणाने खाल्ला, आणि बहुतेक ठिकाणी लोक नेमकं हेच सोडून देतात. "सर्व साहित्य परत करावे" असं एक वाक्य लिहितात आणि उठतात. पण त्या खर्ड्यात तीन वेगळ्या जागचा माल होता. अण्णांनी विश्वासाने सांगितलेलं, त्यात घरातल्या गोष्टी. त्या तिघांनी टीचरना सांगितलेलं, जे अण्णांनी ऐकलंही नव्हतं. आणि वर्तमानपत्रांतून काढलेली टिपणं, जी कुणालाही उपलब्ध आहेत.

आम्ही छापील खर्डा टेबलावर पसरला आणि तीन रंगांच्या पेनांनी ओळी रंगवल्या. ज्या ओळीला रेकॉर्डिंगमध्ये आधार तिला निळा, तिघांच्या बोलण्याला हिरवा, वर्तमानपत्राला लाल. काम कंटाळवाणं, पण यानंतर वादच राहिला नाही. निळं टीचरनी अण्णांच्या लेखी संमतीशिवाय कुठेच वापरायचं नाही, स्वतःच्या लेखातही नाही, नाव बदलूनही नाही. हिरवं आणि लाल टीचरचं, त्यावर त्या हवं ते लिहू शकतात, फक्त त्या तिघांची संमती त्यांनी स्वतः घ्यायची. आणि त्यांच्या लेखातून बदनामीचा प्रश्न उठला तर तो त्यांचा, पुस्तकातून उठला तर अण्णांचा.

उलट दिशेची अट मुलाला आधी कळली नाही. नवीन लेखकाला आठव्याचा खर्डा दाखवायचा नाही. त्याने रेकॉर्डिंगवरून नव्याने लिहायचं. तो खर्ड्यावरून लिहितो आहे की नाही हे ओळखणं फारसं अवघड नसतं. प्रसंगांचा क्रम तोच येतो, उपमा तीच येते, आणि सर्वांत पक्की खूण म्हणजे अण्णांनी कधीच न सांगितलेली गोष्ट. टीचरच्या खर्ड्यात एका सभेची तारीख वर्तमानपत्रातून आली होती, बावीस तासांच्या बोलण्यात ती कुठे नाही. ती नव्या प्रकरणात उतरली तर नव्या लेखकाने ती कुठून आणली, हे त्याला सांगावं लागेल. आम्ही ती तारीख करारात लिहिली नाही, खर्ड्याच्या प्रतीवर अण्णा, टीचर आणि मुलगा यांच्या सह्या मात्र घेतल्या.

रेकॉर्डिंगबद्दल टीचर अडून बसल्या. सगळं पुसून टाकलं आणि उद्या अण्णा म्हणाले की मी असं बोललोच नव्हतो, तर? शंका बरोबर होती. संपूर्ण ध्वनिमुद्रण पेनड्राइव्हवर अण्णांना दिलं, टीचरनी फोन आणि ड्राइव्हवरचं पुसलं, आणि एक प्रत मोहोरबंद पाकिटात वकिलांकडे ठेवली. मुदत तीन वर्षांची, कारण केलेल्या कामाच्या मोबदल्याचा दावा लावायची मुदत साधारण तेवढीच असते. दोघांच्या सह्या असतील तरच पाकीट उघडायचं, किंवा न्यायालयाने सांगितलं तर.

श्रेय

मुलाने सुचवलं होतं की टीचरचं नाव ऋणनिर्देशात घेऊ. त्या यादीत चाळीसेक नावं होती, त्यात ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्रीही होता. टीचर म्हणाल्या, "त्यापेक्षा नकोच. नाव न घालता खुशाल छापा, मी कुणाला सांगणार नाही." हे ऐकून मुलगा खूश झाला, मी नाही. रागात सोडलेलं श्रेय पुस्तक हातात आल्यावर परत आठवतं. शिवाय कलम ५७ प्रमाणे लेखकाला आपलं लेखकत्व सांगण्याचा आणि आपल्या नावलौकिकाला बाधा येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क आहे, आणि कॉपीराइट दुसऱ्याला दिल्यानंतरही तो राहतो. तो आगाऊ लिहून सोडता येतो का, यावर वकिलांत मतभेद आहेत. म्हणून "मी हक्क सोडला" असं लिहून घेण्यापेक्षा, कुठे कसा उल्लेख होईल हे शब्दांसकट लिहून त्याला संमती घेणं जास्त टिकाऊ.

ठरलं ते असं. मुखपृष्ठावर फक्त अण्णा. आतल्या शीर्षकपानावर, अण्णांच्या नावाखाली, "प्रकरण १ ते ७ व ९ : शब्दांकन" आणि टीचरचं नाव, त्याखाली उरलेल्या प्रकरणांसाठी नव्या लेखकाचं, दोन्ही एकाच आकाराच्या अक्षरात. छपाईआधी त्या आठ प्रकरणांची शेवटची मुद्रितं टीचरना पाठवायची. दहा दिवसांत त्यांनी कळवायचं की नाव ठेवा की काढा. उत्तर आलंच नाही तर नाव ठरल्या शब्दांत राहील. नाव काढा म्हणाल्या तरी छपाई अडणार नाही. मुलाला ही शेवटची ओळ हवी होती आणि टीचरना त्याआधीची.

या आठ प्रकरणांच्या हक्कांचं हस्तांतरणही त्याच कागदात केलं. कलम १९ मध्ये दोन गोष्टी दडलेल्या असतात. मुदत लिहिली नाही तर हस्तांतरण पाच वर्षांचंच धरलं जातं. आणि हक्क घेणाऱ्याने एका वर्षात तो वापरला नाही, तर उलट लिहिलेलं नसल्यास तो हक्क सुटतो. अण्णांचं वय पाहता एक वर्ष कमी पडलं असतं. आम्ही मुदत कॉपीराइट असेपर्यंतची लिहिली, वापरासाठी तीन वर्षं दिली, आणि तोवर पुस्तक आलं नाही तर आठ प्रकरणांच्या शब्दांवरचा हक्क टीचरकडे परत, घरातल्या गोष्टींवरचं बंधन मात्र कायम. हे सगळं दोघांच्या वारसांवरही बंधनकारक.

कागद या वेळी कर्नाटकाच्या ई-स्टॅम्पवर झाला. मजकूर मराठीत, सोबत कन्नड भाषांतर, आणि एक ओळ की फरक आढळल्यास मराठी मूळ धरावं. त्या दोघांत मराठी पुरते, पण कागद कधी न्यायालयात गेला तर भाषांतर मागतातच, आणि तेव्हा घाईत केलेल्या भाषांतरात 'शब्दांकन'चं काय होईल सांगता येत नाही. सह्या अण्णा आणि टीचरच्या, मुलगा साक्षीदार. पहिल्या कलमात मूळ करार दोघांच्या संमतीने संपल्याचं आणि त्यातून कुणाचं काही येणं-देणं उरलं नसल्याचं लिहिलं. वीस हजार टीचरच्या खात्यावर जमा झाल्याचा संदेश आला, आणि त्याच बैठकीत त्यांनी युनिकोडमधली वर्ड फाइल आणि पीडीएफ दिली. श्री-लिपीतली जुनी फाइल मुद्दाम दिली नाही, फाँट नसलेल्या संगणकावर ती उघडली की जोडाक्षरं विस्कटतात आणि मग मोडतोड कुणी केली यावर नवं भांडण.

जानेवारीचं संमेलन हुकलं. नव्या लेखकाने आठवं प्रकरण रेकॉर्डिंगवरून लिहिलं, सभेची ती तारीख त्यात नाही. टीचरनी मुद्रितं वाचून नाव ठेवायला सांगितलं आणि दोन जागी मुद्रणदोष दाखवले.

भाषांतराचा हक्क आम्ही करारात मुद्दाम घातला नव्हता. दिलेले हक्क होते मराठी छापील आवृत्ती आणि ई-पुस्तक एवढेच. पुस्तक आल्यावर चिक्कोडीकडच्या एका कन्नड अनुवादकाने अण्णांना विचारलं, तेव्हा अण्णांनी स्वतः फोन लावला. "टीचर, कन्नडात काडायचं म्हंत्यात. तुमचं काय म्हननं?" टीचरनी पैसे मागितले नाहीत. कन्नड आवृत्तीच्या शीर्षकपानावरही तीच ओळ असावी, एवढी अट घातली, आणि एका पानाचं पुरवणी पत्र झालं.